धाकट्याच्या लग्नाची पत्रिका आणि मायन्याच्या दोन ओळी

आमच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचा मजकूर माझ्या गळ्यात पडला. मोबाइलवर मराठी टाइप करायचा कंटाळा नसलेली घरात मी एकटीच, एवढंच त्याचं कारण. कार्डाचा रंग, पाकीट, गणपतीचं चित्र हे सगळं आईनं आणि होणाऱ्या सुनेनं नागपूरच्या महाल भागातल्या दुकानात एका दुपारी उरकलं होतं. मुहूर्त, लॉनचा पत्ता, जेवणाची वेळ या मजकुरात डोकं चालवायला जागा नसते. घर अडलं ते वरच्या ‘॥ श्री गजानन महाराज प्रसन्न ॥’ आणि खालच्या नवरदेवाच्या नावाच्या मधल्या दोन ओळींवर. कुणाला उद्देशून लिहितोय आणि त्याला नमस्कार कोणत्या शब्दांत करतोय, त्या ओळींवर. मायना म्हणतात तो हाच.

दुकानदारानं नमुन्यांची जाडजूड फाइल पुढ्यात टाकली. “ताई, यातला कोणताही नंबर सांगा, नावं बदलून देतो.” निम्म्या नमुन्यांत ‘स. न. वि. वि.’ होतं, काहींत ‘सस्नेह निमंत्रण’, काहींत नमस्कारच नाही, एकदम ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ असं सुरू. नागपूर असल्यामुळे हिंदीतली ती राजहंसाची चारोळीही होतीच, मराठी पत्रिकेच्या डोक्यावर छापलेली. चारोळी गोड आहे, पण तिच्यात पाहुण्याला सरळ ‘तुम’ म्हटलंय. आमच्या मोठ्या बाबांच्या हातात ती पत्रिका द्यायची हिंमत घरात कुणाचीच नव्हती.

मी फाइल मिटली आणि घरी आले, कारण नमुना निवडण्याआधी एक गोष्ट ठरायला हवी होती: पत्रिका कुणाच्या नावानं निघणार? बाबा गेल्याला बरीच वर्षं झाली. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, उमरेडला असतात आणि घरातले सगळ्यात वडील तेच. शिवाय आमचा दादा आहे, थोरला मुलगा. आणि आई आहे. तिघांपैकी कुणीही निमंत्रक होऊ शकतं आणि तिन्ही पत्रिका दिसायला सारख्याच दिसल्या असत्या, पण मायना तिन्हींत वेगळा.

मोठ्या बाबांच्या नावानं पत्रिका काढली असती तर काम सोपं होतं. त्यांच्याहून वडील माणसं आता मोजकीच उरली आहेत, त्यामुळे ‘सप्रेम नमस्कार’ सगळ्यांना चालला असता आणि लहानांना आशीर्वादही देता आला असता. दादाच्या नावानं काढली तर अर्धं गणगोत त्याच्याहून मोठं: मामाजी, मोठे बाबा, आत्याबाई, त्यांचे इवाई. त्या सगळ्यांना तिशीतल्या मुलानं छापील ‘सप्रेम नमस्कार’ घालायचा म्हणजे बरोबरीचं नातं झालं. आईच्या नावानं काढली तर प्रकरण मधोमध. तिला काही जण वडील, काही बरोबरीचे, बरेचसे लहान.

“आपल्या घरी आतापर्यंत बाईच्या नावानं पत्रिका निघाली नाही,” आत्याबाई म्हणाल्या. त्यावर मोठे बाबाच बोलले, “मंग आता निघंल. पोरगं तिनं वाढवलं, बलावणं तिच्याच नावानं जाईल. माह्यं नाव खाली टाका, विनीत मंदी.” विषय तिथेच संपला.

आता आईच्या नावाआधी काय लावायचं? आत्याबाईंच्या मते गं. भा. जुन्या पत्रिकांत ते असायचंच. आईला ते नको होतं आणि तिनं ते फार न बोलता सांगितलं: “मी कोणाची कोण आहे ते लिवा. काय झालं माझं, ते कशाला?” २०२३ मध्ये राज्य सरकारच्या बाजूनं ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणायची सूचना पुढे आली होती, तेव्हाही बायकांनी जोरदार विरोध केला होता. आम्ही ‘श्रीमती’ घेतलं. बाबांच्या नावाआधी ‘कै.’ ठेवलं, तेही निमंत्रकाच्या जागी नाही, तर नवरदेवाच्या ओळखीत: ‘कै. अमुक व श्रीमती अमुक यांचे द्वितीय चिरंजीव’. निमंत्रकाच्या ओळीत दिवंगत माणसाचं नाव घातलं की वाचणारा क्षणभर अडखळतो. नमस्कार नेमका कोण करतंय, तेच कळत नाही.

स्वतःच्या नावामागे ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ लावू नये, तो मान दुसऱ्यानं द्यायचा, असंही एक जुनं मत आहे. सहीपुरतं मला ते पटतं. पण पत्रिकेत निमंत्रकाचं नाव ओळख म्हणून छापलेलं असतं, आणि ‘श्रीमती’ नसतं तर खालच्या विनीतांच्या रांगेत सगळ्यांना ‘श्री.’, ‘सौ.’ आणि फक्त आईचं नाव उघडं, असं दिसलं असतं.

निमंत्रक ठरल्यावर नवरदेवाच्या नावामागचं ‘चि.’ आपोआप बरोबर बसलं. ‘चि.’ हा बोलणाऱ्यानं लहानाला दिलेला आशीर्वाद असतो. आई लिहितेय, मुलगा लहान, म्हणून ‘चि.’. वधूला ‘चि. सौ. कां.’, आणि त्या ‘कां’वर अनुस्वार हवाच, कारण मूळ शब्द सौभाग्यकांक्षिणी आहे. बाजारातल्या निम्म्या पत्रिकांवर ‘सौ. का.’ असतं.

मग मायना. शाळेत पत्रलेखनात शिकवलेली उतरंड आईला तोंडपाठ होती. आईवडिलांना तीर्थरूप, आईवडिलांच्या जागी असलेल्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. त्यांना साष्टांग नमस्कार, म्हणजे ‘सा. न. वि. वि.’, आणखी आदर दाखवायचा तर आधी ‘कृ.’ लावून कृतानेक. बरोबरीच्यांना आणि ओळखीच्यांना ‘श्री. अमुक यांस, स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. लहानांना ‘चि. अमुक यास, अनेक उत्तम आशीर्वाद’. पत्रात हे सोपं जातं, कारण पत्र एकालाच असतं. पत्रिका एक आणि वाचणारे तिन्ही थरांतले.

दुकानदाराचा तोडगा होता ‘स. न. वि. वि.’ छापून मोकळं व्हायचं. “सगळेच तसं करतात, कोणी काही म्हणत नाही.” खरंय, म्हणत नाहीत. पण आईनं प्रश्न केला, “मी माझ्या भासऱ्यांना सप्रेम नमस्कार लिवू?” मोठे बाबा तिचे भासरे. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसून बोलणं केलेलं नाही. त्यांच्या हातात बरोबरीचा नमस्कार ठेवणं तिला जमणारच नव्हतं. आणि त्याच आईला शेजारच्या, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या बाईंना साष्टांग नमस्कार घालायचा नव्हता.

मध्येच आत्याबाईंनी आणखी एक काढलं: बायकांनी साष्टांग घालायचा नसतो, मग लिहायचा कसा? “कागदावर कुठं लोळायचं आहे?” असं आई म्हणाली आणि तो मुद्दा निकाली निघाला. पत्रात बायका पिढ्यान्‌पिढ्या साष्टांग लिहीत आल्या आहेत. ज्यांना खटकतं त्यांनी ‘सविनय नमस्कार’ लिहावं, तेही वडिलांना शोभतं.

माझं म्हणणं असं होतं की छापील मायना मधला ठेवायचा आणि वरच्या थरासाठी हातानं लिहायचा. पण हे बोलायला सोपं. ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ छापलेलं असताना त्याच्यावर पेनानं ‘साष्टांग नमस्कार’ लिहिलं तर एकाच माणसाला दोन नमस्कार होतात, त्यातला दुसरा पहिल्यापेक्षा हलका. खाडाखोड तर लग्नाच्या कागदावर कुणालाच नको.

वाट छापखान्यातल्या पोरानं दाखवली. या दुकानात कार्डं तयार येतात, गणपती आणि नक्षी आधीच छापलेली, आणि आपला मजकूर त्यावर स्क्रीन प्रिंटिंगनं चढतो. म्हणजे लाकडी चौकटीत ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर मजकूर उमटवलेला, आणि रबरी पट्टीनं शाई ओढली की अक्षरांच्या जागेतून ती खाली कार्डावर उतरते. तो म्हणाला, “मॅडम, जेवढे पायजे तेवढे अगोदर पूर्ण छापतो. मंग त्या लाइनीवर टेप मारतो, शाई तिथून उतरनारच नाही. बाकीच्या कार्डांवर ती जागा कोरी राहते.” एका ओळीसाठी नवी जाळी करायला नको, नवा खर्च नको. तीनशे पत्रिकांपैकी ऐंशीवर मायन्याची ओळ कोरी ठेवायची ठरली.

कोऱ्या कार्डांतल्या पहिल्या कार्डावर टेपची कड ‘आमचे येथे’च्या मात्रांवर आली होती आणि त्या अर्धवट उमटल्या. दोन ओळींमध्ये अंतर कमी असलं की असं होतं. त्यामुळे मजकूर लावतानाच मायन्याच्या वर आणि खाली एक-एक ओळ मोकळी सोडायला सांगावी. आम्ही सांगितलं नव्हतं, त्यानं टेप बारीक कापून भागवलं.

आणखी एक भानगड कागदाची. आमचं कार्ड मोत्यासारखं चमकणारं होतं. त्यावर जेल पेन चालत नाही, शाई वरच तरंगते आणि हात फिरला की ‘तीर्थस्वरूप’चं काळं बोट होतं. बॉलपेन चरचरतं, पण टिकतं. सर्वांत बरा निघाला बारीक टोकाचा परमनंट मार्कर. हे खराब झालेल्या कार्डावर आधी करून बघितलं. दुकानदाराकडून अशी चार-पाच वाया गेलेली कार्डं मागून घ्यावीत, तो आनंदानं देतो.

छापील कार्डाचा मजकूर शेवटी असा झाला:

॥ श्री गजानन महाराज प्रसन्न ॥
श्री. / सौ. ______________ यांस,
सप्रेम नमस्कार.
आमचे येथे श्री कुलस्वामिनीच्या कृपेने…

‘विनंती विशेष’ मी काढलं. ते घातलं की मजकूर विनंतीनं सुरू होतो आणि शेवटी पुन्हा ‘ही नम्र विनंती’ येतेच. अक्षरांनी लिहायचं की ‘स. न. वि. वि.’ ठेवायचं, यावर धाकट्याचं म्हणणं असं पडलं की त्याच्या पुण्याच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना ती चार अक्षरं म्हणजे कोडं वाटतील. पूर्ण शब्द ठेवले.

शेवटच्या ओळीतही मायन्याचंच भान ठेवावं लागतं, हे बऱ्याच नमुन्यांत सुटलेलं दिसलं. वर ‘यांस’ म्हटलं की खाली ‘आपण यावे’, ‘आपण द्यावेत’ असंच शेवटपर्यंत जायला हवं. फाइलमधल्या एका नमुन्यात वर ‘आदरणीय’ आणि खाली ‘तुम्ही नक्की या’ होतं. दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखं. आणि ‘वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत’ हे मोठ्यांना बरोबर, पण नवरदेवाच्या मित्रानं आशीर्वाद कसा द्यायचा? म्हणून ‘शुभाशीर्वाद व शुभेच्छा द्याव्यात’ केलं.

‘सहकुटुंब सहपरिवार’ मात्र तसंच ठेवलं. दोन्ही शब्द जवळजवळ एकच सांगतात, पण एक काढला तर आमच्याकडे लोक विचारतात की मग लेकरांना आणायचं नाही काय.

प्रूफ आलं ते व्हॉट्सॲपवर, फोटो म्हणून. छापखान्यात मजकूर जुन्या मराठी फॉन्टमध्ये लावतात, आपण मोबाइलवरून पाठवलेला मजकूर तिथे जसाच्या तसा बसत नाही. एक तर रूपांतर करतात नाहीतर समोर ठेवून पुन्हा टाइप करतात. दोन्हींत जोडाक्षरं मार खातात. आमच्या ‘द्वितीय’चं ‘व्दितीय’ झालं होतं, ‘शुभाशीर्वाद’चं ‘शुभार्शिवाद’ आणि ‘चि. सौ. कां.’वरचा अनुस्वार उडाला होता. ही तीन ठिकाणं नेमकी वाचताना सुटतात, कारण डोळ्यांना चुकीचीच सवय झालेली असते. मी आईला मजकूर मोठ्यानं वाचायला लावला आणि स्वतः फोटो मोठा करून अक्षर-अक्षर बघत गेले. ‘र्शि’ आणि ‘शी’ मोठ्यानं वाचलं की लगेच कानाला खटकतं. दुकानदारानं एकदा दुरुस्त करून पाठवलं तेव्हा अनुस्वार आला, पण ‘व्दितीय’ तसंच. तो म्हणे असंच लिहितात. द आधी, व नंतर, असं कागदावर मोठं काढून दाखवल्यावर झालं.

कोऱ्या ऐंशी कार्डांवर आईनं स्वतः लिहायचं ठरवलं. तिचं अक्षर अजून वळणदार आहे. जेवणाच्या टेबलावर यादी, मार्कर आणि कुंकवाची डबी घेऊन ती बसायची. पहिलं कार्ड टेकडीच्या गणपतीचं. आमच्याकडे पहिली अक्षत त्यालाच असते. दुसरं मोठ्या बाबांचं. त्यावर तिनं लिहिलं: ‘तीर्थस्वरूप भाऊजी व सौ. वहिनींचे सेवेशी, कृतानेक साष्टांग नमस्कार.’ पाकिटावर आडनावासकट पूर्ण नाव, आत नातं. हा भेद तिनं सगळीकडे पाळला, आणि मला तो फार आवडला. पाकीट पोस्टमनलाही वाचायचं असतं. आतली ओळ फक्त त्या माणसाची.

तिच्या थोरल्या भावाला, आमच्या मामाजींना, तिनं ‘तीर्थस्वरूप दादास’ लिहिलं. धाकट्या भावाला ‘चि.’ लिहिताना मात्र हात थांबला. तो आता आजोबा झालाय, त्याच्या सुना, जावई हे कार्ड बघणार. शेवटी ‘प्रिय भाऊ व सौ. वहिनी यांस, सप्रेम नमस्कार व अनेक आशीर्वाद’ असं केलं. नात्यानं लहान, पण घरात मोठा असलेल्या माणसाला नुसता आशीर्वाद लिहू नये, सप्रेम नमस्कार आधी घालावा, असं ती म्हणाली. शाळेच्या पुस्तकात असं काही वाचल्याचं मला आठवत नाही.

काही घरांना नमस्कारच वेगळा असतो. धाकट्याचा लहानपणापासूनचा एक मित्र आहे, घर दीक्षाभूमीपासून जवळच. त्याच्या आईवडिलांना काय लिहायचं, ते धाकट्यानं त्यालाच विचारलं. “जयभीमच लिही ना, बाबाले बरं वाटंल.” आईनं ‘आदरणीय दादा व वहिनी यांस, सप्रेम जयभीम’ लिहिलं. त्यांच्या मोठ्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडे होती, ती काढून बघितली: वर ‘नमो बुद्धाय’, नावांमागे ‘आयु.’, आणि शुभविवाहाऐवजी ‘मंगल परिणय’. त्यांच्या पाकिटावर आम्हीही ‘आयु.’ लिहिलं. बाबांचे एक जुने सहकारी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातले, त्यांना ‘सस्नेह जयगुरू’. आईच्या माहेरचे एक माळकरी आहेत, त्यांना ‘रामकृष्ण हरी’. आपला देव वर छापलेला असतोच. माणसाला हाक त्याच्या घरातल्या नमस्कारानं मारायची. ओळ कोरी नसती तर यातलं काहीच करता आलं नसतं.

मित्रांच्या मेसेजचं काम मात्र धाकट्याचं होतं, आणि त्यानं पहिल्यांदा केलं ते असं की पत्रिकेचा मजकूर उचलला, ‘आमचे येथे श्री कुलस्वामिनीच्या कृपेने आमचे द्वितीय चिरंजीव चि.’ आणि पुढे स्वतःचं नाव, आणि खाली सहीलाही स्वतःचंच नाव. ग्रुपवर मित्रांनी त्याला दिवसभर ‘चिरंजीव’ म्हणून छळलं. लिहिणारा बदलला की ‘चि.’ जातं, ‘आमचे येथे’ जातं, ‘योजिले आहे’ही जातं. नवरदेव स्वतः बोलतोय, तर ‘माझं लग्न’ म्हणायचं.

त्याच्या यादीत दोन प्रकारचे मित्र होते. एक जवळचे, ज्यांच्याशी ‘काय बे’शिवाय बोलणं सुरूच होत नाही. दुसरे ऑफिसातले, होणाऱ्या वहिनींच्या ओळखीतले, ज्यांच्यात काही त्याच्याहून वयानं मोठे. दोघांना एकच मेसेज घातला तर कुणाला तरी तो परका वाटणार. ऑफिसच्या लोकांसाठी त्यानं हे लिहिलं:

‘नमस्कार. आमचं लग्न ठरलंय, आणि तुम्ही सगळ्यांनी नागपूरला यावं अशी आम्हा दोघांची मनापासून इच्छा आहे. तारीख, वेळ आणि लॉनचा पत्ता खाली देत आहे. घरच्यांनाही घेऊन या.’

‘आदरणीय’ नाही, ‘कृपेने’ नाही, पण ‘तुम्ही’ आणि ‘यावं’ आहे. ‘आम्हा दोघांची’ हे मुद्दाम. एकट्या नवरदेवाच्या सहीनं गेला तर वहिनींच्या मैत्रिणींना तो आपला वाटत नाही. जवळच्यांना त्यानं एकेकाला वेगळं पाठवलं: ‘भाऊ, ठरलं बे शेवटी. हळदीपासून पायजे तू. सुटी आत्ताच टाक.’ यात मी हात घातला नाही. ‘बे’ मात्र ग्रुपवर टाकू नको, एवढं सांगितलं. त्या ग्रुपवर होणाऱ्या सासरचा एक चुलतभाऊही होता.

त्याच्या कॉलेजातल्या सरांचा मेसेज आम्ही दोघांनी बसून केला. ‘आदरणीय सर, सादर प्रणाम’ इथून सुरुवात, मग तो त्यांचा विद्यार्थी कोणत्या वर्षाचा ते एका वाक्यात, आणि मगच लग्न. सरांना शेकड्यांनी विद्यार्थी असतात, नुसत्या नावावरून ओळख पटत नाही, आणि ओळख पटण्याआधीच आग्रह वाचायला लागला की तो मेसेज सगळ्यांना गेलाय असं वाटतं. ‘मा.’ लावू नको म्हटलं. माननीय हे व्यासपीठावरच्या पाहुण्यांना ठीक, शिक्षकांना आदरणीयच.

दूरच्या वडीलधाऱ्यांना पत्रिका पोचायला वेळ लागणार होता, म्हणून आईच्या नावानं त्यांनाही मेसेज गेले. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या. एक, मेसेज पुढे ढकलला की त्यावर ‘फॉरवर्डेड’ असं येतं. ‘साष्टांग नमस्कार’च्या डोक्यावर ते अक्षर म्हणजे आदराची माती. मजकूर कॉपी करून, नातं बदलून, प्रत्येकाला नवा म्हणून पाठवला. ब्रॉडकास्ट लिस्टही टाळली; ज्यांनी आईचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही, आणि म्हातारी माणसं बहुतेक वेळा नंबर सेव्ह करत नाहीत. दुसरं, मोबाइलवर न उघडता दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळी. तिथे श्लोक आणि फुलांची चित्रं भरली की माणसाला वाटतं रोजचा सुप्रभात आला, आणि तो उघडत नाही. म्हणून नातं पहिल्या शब्दात:

‘ती. स्व. मावशी व काकाजी यांस साष्टांग नमस्कार. आपल्या धाकट्याचं लग्न ठरलं. पत्रिका पोस्टानं पाठवली आहे, पण तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिते. देवकाच्या आदल्या दिवशीच यावं, राहायची सोय घरीच आहे.’

पत्रिकेत ‘आमचे’ होतं, इथे ‘आपल्या धाकट्याचं’ झालं. हे आईनंच बदललं. मावशीला ‘आमच्या मुलाचं’ म्हटलं तर ती रुसेल, म्हणाली. पत्रिकेतलं ‘आपण’ही इथे ‘तुम्ही’ झालं, कारण सख्ख्या मावशीला ‘आपण’ म्हणजे तुटकपणा. तिला ‘ती. स्व.’ आणि साष्टांग पुरे.

कोऱ्या ओळीची सात-आठच कार्डं शेवटी उरली होती. तीही छापील कार्डांच्या आधी संपली, कारण शेवटच्या आठवड्यात आठवलेली माणसं बहुतेक आईच्या माहेरची, सगळी वयानं मोठी निघाली. पुढच्या खेपेला आत्याबाईंच्या नातीचं लग्न आहे. त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय की टेपवाली शंभर काढा, आणि साष्टांग घालायचा की सविनय, ते त्या आल्यावर ठरवतील.